छायाचित्रातील कबूतर आणि हातातील कबूतर



नोव्हेंबर २०२० मध्ये बेल्जियममधील ‘न्यू किम’ नावाची दोन वर्षांची कबूतर मादी इंटरनेटवरील लिलावात १६ लाख युरोंना विकली गेली. त्या वेळच्या दराने ही रक्कम चौदा कोटी रुपयांच्या आसपास जाते. बोलीची सुरुवात दोनशे युरोंपासून झाली होती आणि अखेरची बोली चीनमधून आली. त्याच्या आदल्याच वर्षी, मार्च २०१९ मध्ये, ‘आर्मांडो’ हा नर साडेबारा लाख युरोंना गेला होता. या व्यवहारांतील आकडे थक्क करणारे आहेत, पण मला अधिक विचार करण्याजोगी वाटते ती दुसरीच गोष्ट. अशा लिलावांत बोली लावणारे बहुतेक लोक त्या पक्ष्याला कधी हात लावू शकलेले नसतात. त्यांच्यासमोर वंशावळ असते, शर्यतींचे निकाल असतात आणि तीन छायाचित्रे असतात: एक बाजूने घेतलेले संपूर्ण शरीराचे, एक पसरलेल्या पंखाचे आणि एक डोळ्याचे, जे पडद्यावर बशीएवढे मोठे करून पाहता येते.

वंशावळ आणि निकाल हा कागदांचा भाग झाला, त्यात मी आज शिरणार नाही. प्रश्न इतकाच आहे की या तीन छायाचित्रांतून जाणत्या माणसाला खरोखर काय वाचता येते, आणि जुने पाळणारे अजूनही ‘पक्षी हातात द्या, मग बोलू’ असे का म्हणतात. उत्तराचा गाभा थोडासा अनपेक्षित आहे. तिन्हींपैकी सर्वांत सुस्पष्ट निघते ते डोळ्याचे छायाचित्र, आणि शर्यतीविषयी सर्वांत कमी सांगते तेही तेच. पंखाचे छायाचित्र दिसायला रुक्ष, पण सर्वांत प्रामाणिक. शरीराचे छायाचित्र सर्वांत देखणे आणि सर्वांत फसवे.

डोळ्यापासून सुरुवात करू, कारण शौकिनांची नजरही तेथेच प्रथम जाते. केवळ युरोपातील नव्हे. आपल्याकडे जुन्या शहरांच्या गच्च्यांवर उंच उडणारी कबुतरे पाळणारे उस्तादही पक्षी उचलला की आधी त्याचा डोळा उजेडाकडे वळवतात. कबुतराच्या डोळ्यात मध्यभागी काळी बाहुली असते, तिच्याभोवती एक बारीक वलय आणि त्याबाहेर रंगीत बुबुळ. हे बुबुळ बहुधा नारिंगी-लाल असते. काही पक्ष्यांत ते मोत्यासारखे पांढुरके असते, तर पांढऱ्या किंवा अबलख पक्ष्यांत पुष्कळदा संपूर्ण काळसर. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये व अन्यत्र या वलयांवरून पक्ष्याची पारख करण्याचे एक सबंध शास्त्रच उभे राहिले. बाहुलीभोवतीचे वलय रुंद असेल तर पक्षी पैदाशीला चांगला, त्यात अमुक रंग असेल तर लांब पल्ल्याचा, बुबुळात खडबडीत कंगोरे असतील तर जातिवंत, अशी ही अनुमाने असत. आजही ती मानणारे अनुभवी लोक आहेत, आणि त्यांच्या खुराड्यांत विजेते पक्षीही आहेत. मात्र ज्या खुराड्यांचे मालक डोळ्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, तेथेही विजेते निपजतात. डोळ्यातील वलयावरून शर्यतीचा निकाल आधी सांगता येतो, असे पद्धतशीर तुलनेने सिद्ध झालेले नाही.

असे का असावे, हे बुबुळाच्या रंगाचे मूळ पाहिले म्हणजे कळते. नारिंगी रंगातील पिवळा अंश बुबुळातील एका रंगद्रव्याचा असतो आणि लाल अंश तेथील रक्तवाहिन्यांचा. मोतिया डोळ्यात ते पिवळे द्रव्य नसते. मागे राहतो तो पांढरा, प्रकाश परावर्तित करणारा थर. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हा मोतिया रंग एका जनुकातील बदलामुळे येतो, हे दाखवून दिले. त्या बदलाचा फुप्फुसांशी, स्नायूंशी किंवा घराची दिशा ओळखण्याच्या शक्तीशी संबंध असल्याचे काही आढळलेले नाही.

मग डोळ्याचे छायाचित्र निरुपयोगी म्हणायचे का? तसे नाही. मोतिया डोळा आनुवंशिकतेत अप्रभावी असतो, म्हणजे तो प्रकट होण्यासाठी पिलाला तो गुण आई आणि बाप दोघांकडूनही यावा लागतो. म्हणून दोन्ही पालक मोतिया डोळ्यांचे असतील तर त्यांची पिलेही मोतिया डोळ्यांची निघायला हवीत. वंशावळीत असे दोन पालक दाखवले आहेत आणि छायाचित्रातील पिलाचा डोळा मात्र गडद नारिंगी आहे, असे दिसले तर खरेदीदाराने थांबावे. एक तर खुराड्यात दुसऱ्याच नराने मध्ये हात मारलेला असतो, किंवा कागद चुकीचे असतात. उलट दोन नारिंगी डोळ्यांच्या पालकांचे पिलू मोतिया निघाले, तर त्यात संशय घेण्यासारखे काही नाही. तो गुण दोघांतही दडून राहिलेला असू शकतो. डोळ्यावरून वेगाचे भाकीत करणाऱ्यांपेक्षा डोळ्यावरून बापाची खातरजमा करणारा माणूस अधिक भक्कम जमिनीवर उभा असतो, असे माझे मत आहे.

छायाचित्रातील डोळा वाचताना आणखी दोन खड्डे टाळावे लागतात. पहिला प्रकाशाचा. बाहुली आकसली की बुबुळाचा पट्टा रुंद दिसतो, विस्फारली की अरुंद. पक्ष्यांच्या बुबुळातील स्नायू आपल्या बुबुळातील स्नायूंपेक्षा निराळे, हातापायांच्या स्नायूंच्या जातीचे असतात. त्यामुळे उजेड तसाच असतानाही पक्षी बाहुली क्षणात लहानमोठी करतो. दहा सेकंदांत घेतलेली दोन छायाचित्रे दोन वेगळ्या पक्ष्यांची वाटावीत इतका फरक पडू शकतो. त्यातच कॅमेऱ्याने रंग थोडा भडक केला की सौम्य नारिंगी डोळा माणकासारखा दिसू लागतो. दुसरा खड्डा वयाचा. पिलाचा डोळा आधी करडा-तपकिरी असतो आणि खरा रंग काही आठवड्यांनी, पुष्कळदा काही महिन्यांनी भरतो. दोन महिन्यांच्या पिलाच्या डोळ्याचे मोठे केलेले चित्र पाहून केलेली चर्चा ही अर्धवट सुकलेल्या रंगावरची चर्चा होय. आरोग्याच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट चित्रातही पाहण्याजोगी आहे: पापणीच्या कडेची पिसे ओलसर, चिकटलेली दिसतात का. एकाच डोळ्याला पाणी येत असेल तर श्वसनमार्गाच्या विकाराची शंका घ्यावी. अर्थात विक्रेता डोळा पुसूनच छायाचित्र काढतो, हेही लक्षात ठेवावे.

आता पंखाकडे येऊ. येथे छायाचित्राची बाजू एकदम बळकट होते आणि त्याचे कारण सोपे आहे. पूर्ण वाढलेले पीस ही मृत वस्तू असते, आपल्या नखासारखी. वाढत असताना जे घडले ते त्यावर कोरले जाते आणि पीस गळेपर्यंत तसेच राहते. पक्षी घाबरलेला असो वा शांत, पोट भरलेले असो वा रिकामे, ती नोंद बदलत नाही.

कबुतराच्या पंखाच्या टोकाकडील भागात दहा लांब पिसे असतात. पाळणारे त्यांना आतून बाहेर एक ते दहा असे मोजतात. दहावे सर्वांत बाहेरचे. त्यांच्या आत, अंगाकडे, साधारण डझनभर आखूड पिसांची दुसरी रांग असते. दरवर्षी ही दहा पिसे ठरलेल्या क्रमाने बदलतात. पहिले, म्हणजे सर्वांत आतले, आधी गळते. ते अर्धेअधिक वाढले की दुसरे, मग तिसरे, आणि अखेरीस दहावे. दोन पिसांच्या गळण्यात बहुधा दोन-तीन आठवडे जातात आणि सर्व दहा बदलायला पाच-सहा महिने लागतात. दोन्ही पंखांत हे जवळजवळ एकाच वेळी घडते. युरोपात ही गळ साधारणपणे मे-जूनमध्ये, जोडी दुसऱ्यांदा अंड्यांवर बसलेली असताना सुरू होते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत आटोपते.

या क्रमाचा परिणाम असा की पसरलेला पंख हे एक पंचांग ठरते. नवे पीस गडद, सुबक कडेचे आणि किंचित तुकतुकीत दिसते. जुने पीस फिकट, कडेला झिजलेले, निळ्या पक्ष्यात तपकिरी झाक आलेले असते. नवी किती आणि जुनी किती हे मोजले की छायाचित्र वर्षाच्या कोणत्या काळातले आहे, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. फक्त एक सावधगिरी बाळगावी लागते. शर्यतीच्या मोसमात पंख अखंड राहावेत म्हणून युरोपातील बरेच पाळणारे पिलांना वसंतात रोज काही तास मुद्दाम अंधारात ठेवतात. दिवस लहान आहे असा पक्ष्याचा समज होतो आणि मोठी पिसे गळणे लांबते. अशा पक्ष्याचे पंचांग मागे पडलेले असते. म्हणून पहिल्या वर्षाच्या पक्ष्याबाबत ‘अंधारात ठेवला होता का’ हा प्रश्न आधी विचारावा.

दुसरी नोंद अधिक मोलाची. पीस वाढत असताना पक्षी उपाशी राहिला, आजारी पडला किंवा जबर धास्तावला, तर त्या दिवसांत तयार झालेला पिसाचा भाग कच्चा राहतो आणि पिसावर आडवी, बारीक, फिकट रेघ उमटते. पीस पुढे मोडलेच तर पुष्कळदा त्याच रेघेवर मोडते. आता ही रेघ कुठे आहे, त्याला महत्त्व आहे. पिलाच्या अंगावरील मोठी पिसे घरट्यात सर्व एकदमच वाढत असतात. म्हणून पिलाला घरट्यात त्रास झाला असेल तर रेघ एका पिसावर न राहता संपूर्ण पंखावरून, एका पिसावरून दुसऱ्यावर ओळीने गेलेली दिसते, जणू कोणी पट्टी ठेवून ओढली आहे. प्रौढ पक्ष्यात मात्र पिसे एकामागून एक वाढतात, म्हणून त्याची रेघ एखाद्या-दुसऱ्याच पिसावर येते. ती कोणत्या क्रमांकाच्या पिसावर आहे यावरून त्रास कोणत्या महिन्यात झाला हे सांगता येते. चांगल्या छायाचित्रात हे सारे दिसते. बारीक टाचणीच्या टोकाएवढी भोकेही दिसतात. ती पिसांतील उवांची खूण असते आणि त्यावरून खुराड्याच्या निगेविषयी काय ते समजावे.

पंखाचा आकार मात्र छायाचित्रावरून ठरवू नये. ‘शेवटच्या चार पिसांमध्ये चांगली फट आहे’, ‘आतल्या आणि बाहेरच्या रांगेत सुंदर पायरी आहे’, असे शेरे वाचायला मिळतात. पण पंख पसरून धरणारा माणूस मनगटाचा सांधा किती पुढे ओढतो, यावर ही फट आणि ही पायरी अवलंबून असते. जरा जोर लावला की अरुंद पंखही रुंद दिसतो आणि बाहेरची पिसे बोटांसारखी सुटी होतात. कॅमेरा फार जवळ असेल तर त्याच्याकडची पिसे प्रमाणाबाहेर मोठी येतात, ते वेगळेच.

शरीराच्या छायाचित्राविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यात वाचण्यासारखे थोडे असते. पक्ष्याला एका पेटीत, दांडीवर किंवा ठोकळ्यावर उभे करतात, प्रकाश बाजूने सोडतात, आणि तो मान उंचावून, छाती पुढे काढून, शेपटी मिटून उभा राहीपर्यंत वाट पाहतात. पन्नास छायाचित्रांतून एक निवडले जाते. गळ्याखालच्या अन्नपिशवीत दाणे भरलेले असले की छाती खोल वाटते. कॅमेरा खाली असला की पक्षी भव्य दिसतो. शिवाय हे सर्व पिसांचे रूप आहे; त्याखालील हाड आणि मांस यांच्यावर किमान बोटभर जाडीचा मऊ पडदा असतो. चित्रात विश्वासार्ह असते ती पायातील बंद कडी. ही कडी पिलू साधारण आठवड्याचे असताना पायात सरकवतात. पुढे पाय वाढल्यावर ती न तोडता काढता येत नाही. तीवर जन्मवर्ष असते. शरीराच्या देखण्या चित्रातील सर्वांत खरा भाग म्हणजे ही कडी, असे म्हटले तरी चालेल.

तेव्हा हाताला शोधायचे असते ते पिसांच्या आतले. जाणता माणूस कबूतर असे धरतो: दोन्ही पाय तर्जनी आणि मध्यमेच्या मध्ये, अंगठा पाठीवरून मिटलेल्या पंखांच्या टोकांवर, आणि पक्ष्याचे तोंड स्वतःच्या छातीकडे. दुसरा हात मोकळा राहतो. मग तो काही क्षण काहीच करीत नाही. पहिली परीक्षा याच क्षणांत होते, कारण तो पक्ष्याचे वजन हातात कसे बसते ते अजमावत असतो. चांगल्या बांध्याचा पक्षी तळहातात समतोल राहतो. काही पक्षी सारखे पुढे घसरतात, काही मागच्या बाजूला जड लागतात. शर्यतीचे कबूतर बहुधा चारशे-साडेचारशे ग्रॅमच्या आसपास भरते. तराजूवर सारखेच भरणारे दोन पक्षी हातात मात्र वेगवेगळे लागतात. पाळणारे एकाला ‘हलका’ म्हणतात आणि एकाला ‘शिसे’.

त्यानंतर मोकळ्या हाताचे बोट छातीच्या मधल्या हाडावरून पुढून मागे फिरते. होडीच्या तळासारखे हे हाड सरळ आहे का, त्यावर कुठे खाच किंवा वाक आहे का, मागे ते हळूहळू वर वळते की एकदम संपते, हे बोटाला कळते. वाढीच्या वयात चुना कमी पडला किंवा पिलू अडनिड्या जागी बसत राहिले की हे हाड वाकते. किंचित खाच असलेले पक्षी उत्तम उडाल्याचीही उदाहरणे आहेत; तरी पैदाशीसाठी बरेच लोक असा पक्षी टाळतात. हाड जेथे संपते त्याच्या मागे दोन बारीक हाडांची टोके हाताला लागतात. ही टोके एकमेकांजवळ आणि घट्ट असावीत, अशी अपेक्षा असते. मात्र मादीने नुकतीच अंडी घातली असतील तर ती सुटलेली असणे स्वाभाविकच आहे, आणि ही गोष्ट न विचारता दिलेला अभिप्राय अन्यायाचा ठरतो.

हाडाच्या दोन्ही बाजूंना छातीचे स्नायू. उडण्याचे मुख्य काम यांचेच. पक्ष्याच्या वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा यांचा असतो. हात येथे जे शोधतो ते शब्दांत सांगणे अवघड आहे. स्नायू भरलेला हवा पण दगडासारखा नको. दाबल्यावर थोडा दबून परत येणारा हवा. पिसे फुंकून बाजूला केली की खालची त्वचा स्वच्छ गुलाबी दिसावी, निळसर नसावी. हाडालगत मांस ओसरून हाडाची धार उघडी पडली असेल तर पक्षी थकलेला किंवा आजारी समजावा. पण लक्षात घ्या, हे सारे पक्ष्याच्या आजच्या तयारीविषयी झाले. दोन आठवड्यांच्या विश्रांतीने किंवा आजाराने हा स्नायू बदलतो. हाड बदलत नाही. अनुभवी आणि अननुभवी हातांमधला मोठा फरक हाच की पहिला ‘आज कसा आहे’ आणि ‘मुळात कसा आहे’ या दोन प्रश्नांची सरमिसळ होऊ देत नाही.

या स्नायूपाशी क्षणभर थांबण्याचे एक कारण आपल्या बडोद्याचे आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात प्रा. जे. सी. जॉर्ज आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १९५० च्या दशकात कबुतराच्या याच छातीच्या स्नायूचा कसून अभ्यास केला. जॉर्ज आणि आर. एम. नाईक यांचा १९५८ मधील निबंध या विषयात पायाभूत मानला जातो. त्या स्नायूत दोन प्रकारचे तंतू असतात. बारीक, लाल तंतूंमध्ये चरबीचा साठा असतो, तर जाड, पांढऱ्या तंतूंमध्ये साखरेपासून बनणारा ग्लायकोजेनचा. संख्येने लालच फार जास्त. ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या वेगाने कबूतर तासन् तास उडते, ते मुख्यतः चरबी जाळणाऱ्या या लाल तंतूंच्या बळावर. पांढऱ्यांचा उपयोग झटकन उड्डाण घेण्यासारख्या थोड्या वेळच्या जोराच्या कामाला. शर्यतीच्या दृष्टीने निर्णायक अशी ही रचना सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. कॅमेरा पिसांपाशी थांबतो, हात स्नायूच्या पृष्ठभागापाशी.

हातात असतानाच पंख पुन्हा एकदा उघडतात. छायाचित्राने पिसे दाखवली होती. हात आता सांध्याची हालचाल पाहतो. पंख सहज उघडतो का, सोडल्यावर चटकन आणि गुळगुळीत मिटतो का, मध्येच अडखळतो का. जुन्या दुखापतीने आखडलेला सांधा चित्रात मुळीच कळत नाही, कारण चित्रात पंख दुसऱ्या कोणीतरी ओढून धरलेला असतो. अखेर चोच हळूच उघडून घसा पाहतात. तो गुलाबी असावा, चिकट स्राव नसावा, आणि पिवळसर, दह्याच्या कणासारखे डाग तर नसावेतच. ते कबुतरांत सर्रास आढळणाऱ्या एका परजीवीच्या रोगाचे चिन्ह आहे.

ही सगळी पारख एकत्र कशी चालते, ते एका कल्पित पक्ष्यावरून पाहू. समजा, बेल्जियममधील एक मादी विकायला आहे. निळी, पंखावर दोन काळे पट्टे, पायातील कडीवर २०२३. विक्रेता सांगतो की छायाचित्रे जानेवारी २०२५ मधील आहेत. डोळा मोतिया, वंशावळीत दोन्ही पालकही मोतिया डोळ्यांचे. येथवर कागद आणि चित्र जुळतात. त्या डोळ्याच्या तेजाविषयी विक्रेत्याने लिहिलेला परिच्छेद वाचून सोडून द्यावा.

पंखाच्या चित्रात पहिली सहा पिसे नवी आहेत, सातवे अर्धे वाढलेले आहे, आठ ते दहा जुनी, तपकिरी कडांची. जानेवारीत असे असायला नको. तोवर दहाही नवी व्हायला हवीत. मेअखेर सुरुवात धरून मोजले तर सहा नवी आणि सातवे अर्धे ही अवस्था ऑगस्ट-सप्टेंबरची. म्हणजे एक तर चित्र चार-पाच महिने जुने आहे, किंवा मादीचे पिसे बदलणे मध्येच थांबले, जे आजाराचे किंवा उशिरापर्यंत पिले काढल्याचे लक्षण असू शकते. पक्षी दुसऱ्या वर्षाचा असल्याने अंधाराची सबब येथे सहसा लागू होत नाही. पुन्हा नीट पाहता चौथ्या पिसाच्या मध्यावर एक आडवी रेघ दिसते, पाचव्यावर नाही, तिसऱ्यावर नाही. चौथे पीस साधारण जुलैत वाढत असणार. म्हणून विक्रेत्याला दोन प्रश्न विचारायचे: चित्र नेमके केव्हाचे, आणि गेल्या जुलैत हिला काय झाले होते. समजा, उत्तर असे आले की चित्र सप्टेंबरचे आहे, आणि जुलैत एका कडक उन्हाच्या शर्यतीतून ती दुसऱ्या दिवशी परतली होती. हे उत्तर पिसांशी जुळते. चित्राच्या तारखेबाबत विक्रेता निष्काळजी निघाला, पण पक्षी लबाड नाही.

मादी घरी आल्यावर आधी कडीचा क्रमांक आणि बुबुळातील ठिपके चित्राशी ताडून पाहतात, म्हणजे तोच पक्षी आला याची खात्री होते. मग हातात. चित्रात छाती भव्य होती. हाताला ती मध्यम लागते, कारण चित्राच्या वेळी अन्नपिशवी भरलेली होती. समतोल चांगला. छातीचे हाड सरळ, मागे एक लहानशी खाच. स्नायू थोडा ओसरलेला, जो प्रवासानंतर अपेक्षितच असतो. मागच्या हाडांच्या टोकांत बोटभर अंतर. घसा स्वच्छ. पंख सोडताच मिटतो.

यांपैकी त्याच दिवशी पक्का करता येण्यासारखा निर्णय फक्त खाचेचा. ती आहे आणि राहणार. स्नायू आणि मागची हाडे यांविषयी वहीत लिहून ठेवायचे आणि मादीला इतर पक्ष्यांपासून वेगळे, शांत ठेवून तीन आठवड्यांनी पुन्हा पाहायचे. तोवर हाडांची टोके जवळ आली आणि हाडालगतचे मांस भरले, तर पहिल्या दिवशीचे सैलपण अंड्यांचे आणि प्रवासाचे होते. तसेच राहिले, तर ते बांध्याचे आहे. चौथ्या पिसावरील रेघेला मात्र उन्हाळ्यापर्यंत थांबावे लागते. जुलैच्या सुमारास ते पीस गळेल आणि त्याच्या जागी नवे वाढेल. ते पूर्ण झाल्यावर पंख उजेडाकडे धरून रेघ पुन्हा उमटली आहे का, तेवढे पाहायचे.